थंड मातीत भुईमूग टाकू नका : पेरणीआधी वावराचं तापमान कसं मोजायचं?

बुलढाणा : संक्रांत झाली की जिल्ह्यातल्या ओलिताच्या वावरांत उन्हाळी भुईमुगाची तयारी सुरू होते. विहिरीला पाणी आहे, वीज आहे, बियाणं घरात येऊन पडलं आहे, म्हणून अनेक जण लगेच वावर ओलून पेरून टाकतात. मग आठ दिवस जातात, दहा जातात, तासात काही दिसत नाही. बारा-पंधरा दिवसांनी जे दिसतं ते तुटक असतं, कुठे दोन रोपं तर कुठे हातभर खाडा. दोष बियाण्याला दिला जातो. बियाणं खरोखर खराब असू शकतं, पण जानेवारीत आणखी एक कारण तपासायला हवं. ते म्हणजे माती थंड होती का?

हे तपासायला मोठं यंत्र लागत नाही. एक साधा थर्मामीटर, एक सुतळी आणि तीन-चार दिवसांची नोंद एवढ्यात काम होतं. फक्त कुठे, किती खोल, किती वाजता आणि कशा मातीत मोजायचं, हे नीट कळलं पाहिजे.

मोबाइलवरचं तापमान मातीचं नसतं

मोबाइलवर "बुलढाणा १२ अंश" असं दिसतं ते हवेचं तापमान. हवामान केंद्रात ते साधारण माणसाच्या उंचीवर, सावलीत मोजतात. बी मात्र जमिनीखाली दोन इंचावर असतं. काळी माती दिवसभर ऊन खाऊन तापते आणि रात्री हळूहळू निवते, त्यामुळे दोन इंचावरचं तापमान हवेपेक्षा वेगळं निघतं.

शिवाय आपला जिल्हा एकसारखा नाही. घाटावर बुलढाणा-चिखलीकडे उंची जास्त आहे. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव हा पूर्णेचा सखल पट्टा आहे. एकाच दिवशी दोन्हीकडची माती सारखी तापलेली नसते. एवढंच काय, एकाच वावरात धुऱ्यावरच्या आंब्याच्या सावलीतली माती आणि मधली उघडी माती यांतही फरक निघतो. म्हणून घाटाखालच्या पाहुण्याने पेरलं, म्हणून घाटावर पेरायची वेळ झाली असं होत नाही. कृषी हवामान केंद्रांवर मातीचं तापमान ५, १० आणि २० सेंटिमीटरवर रोज सकाळी आणि दुपारी नोंदवतात. तेच काम आपल्या वावरात करायचं आहे.

कोणता थर्मामीटर घ्यायचा?

टोकाला सळई असलेला डिजिटल थर्मामीटर यासाठी चालतो. खवा-मिठाईवाले किंवा दूध डेअरीवाले वापरतात तसा. सळई निदान चार इंच लांब हवी आणि शून्यापासून पन्नास अंशांपर्यंत आकडे दाखवणारा हवा. काचेचा थर्मामीटरही चालतो, पण ढेकळात लवकर फुटतो.

ताप मोजायचा डॉक्टरी थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. त्याचे आकडे साधारण बत्तीस-पस्तीस अंशांपासून सुरू होतात आणि जानेवारीतल्या सकाळची माती त्याच्या कितीतरी खाली असते. कपाळासमोर धरायची बंदूकही नको. ती फक्त वरचा पापुद्रा मोजते, आत काय आहे ते तिला कळत नाही.

आणलेला थर्मामीटर आधी तपासून घ्या. पेल्यात बर्फाचा चुरा भरा, बर्फ भिजेल एवढंच पाणी घाला, हलवा आणि सळईचं टोक त्यात दोन-तीन मिनिटं धरा. शून्य किंवा त्याच्या अगदी जवळचा आकडा यायला हवा. दोन अंश दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून दोन वजा करायचे.

मोजायची रीत

भुईमुगाचं बी साधारण ५ सेंटिमीटर म्हणजे दोन इंच खोल जातं. सळईच्या टोकापासून दोन इंचावर सुतळी बांधा किंवा चिकटपट्टी लावा. मातीत आधी तेवढंच खोल भोक लांब खिळ्याने करा. त्यात सळई घाला, भोवतीची माती बोटाने दाबा, म्हणजे आत हवा राहणार नाही. दोन-तीन मिनिटं थांबून आकडा स्थिर झाला की लिहा. दुपारी मोजताना वर उघड्या राहिलेल्या सळईवर टोपीची किंवा हाताची सावली धरा, नाहीतर तापलेली सळईच आकडा वाढवते.

दिवसातून दोन वेळा मोजायचं. सकाळी सातच्या सुमारास, कारण दोन इंचावरची माती दिवस उगवायच्या वेळेला सगळ्यात थंड असते. आणि दुपारी दोन ते तीन दरम्यान, कारण तेव्हा ती सगळ्यात तापलेली असते. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली की दिवसाची सरासरी मिळते. सकाळी १४ आणि दुपारी २२ असेल, तर सरासरी १८. वावरात तीन ठिकाणी मोजा, त्यातलं एक ठिकाण सखल किंवा सावलीचं असू द्या. असं सलग तीन-चार दिवस करा. एका दिवसाच्या आकड्यावर विसंबू नका, एखादं ढगाळ आभाळसुद्धा तो बदलून टाकतं.

खरी गोम : कोरडी माती फसवते

उन्हाळी भुईमूग आपल्याकडे वावर ओलून, वाफसा आल्यावर पेरतात. पण तापमान मोजणारा बहुतेक वेळा ओलायच्या आधी, कोरड्या वावरात मोजतो. तिथेच चूक होते.

कोरडी माती उन्हात पटकन तापते. तीच माती ओली झाली की तापायला जास्त ऊन लागतं, कारण आता मातीसोबत तिच्यातलं पाणीही तापवावं लागतं. वर ओल उडून जाताना उष्णता घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं तसं. त्यामुळे कोरड्या वावरात दुपारी २९ दाखवणारी जागा ओलून वाफशावर आली की २२-२३ वरच अडकू शकते. बी पडणार आहे ओल्या मातीत, म्हणून आकडाही ओल्या मातीचाच हवा.

"विहिरीचं पाणी तर थंडीत कोमट असतं, त्याने वावर गरम होईल," असंही गावात म्हणतात. पाणी कोमट असतं हे खरं आहे. पण ती ऊब एक-दोन दिवसांत निघून जाते आणि ओल मागे राहते.

सगळं वावर ओलून बसलात आणि माती थंड निघाली, तर पंचाईत. थांबावं तर वरची ओल उडते, पेरावं तर बी थंडीत अडकतं. यावर सोपा उपाय म्हणजे आधी छोटा तुकडा ओलून पाहणे. वावराच्या मध्यावर तीन फूट बाय तीन फुटांची जागा भुसभुशीत करा, तिला आळं करा आणि तीन-चार बादल्या म्हणजे सुमारे ५० लिटर पाणी द्या. भारी काळ्या जमिनीत चार-सहा दिवसांनी तिथे वाफसा येतो. मग मोजणी त्या तुकड्यात करा. तिथला आकडा जुळला की सगळं वावर ओलायला घ्या.

किती अंशांना पेरायचं?

प्रत्येक पिकाच्या बियाण्याचा एक खालचा उंबरठा असतो. माती त्याच्या खाली असेल तर बी पाणी पिऊन फुगतं, पण कोंब पुढे सरकत नाही. उंबरठ्याच्या वर जेवढे अंश, तेवढी त्या दिवसाची कमाई. ही कमाई रोज साठत जाते आणि ठरावीक बेरीज झाली की रोप वर येतं.

भुईमुगाचा उंबरठा सुमारे १३ अंश धरतात आणि वर यायला सुमारे ७५ अंशांची बेरीज लागते. मातीची सरासरी १६ असेल, तर रोजची कमाई फक्त ३, म्हणजे उगवायला २५ दिवस. सरासरी १८ असेल तर कमाई ५, म्हणजे १५ दिवस. सरासरी २० ला कमाई ७, म्हणजे ११ दिवस. आणि २५ ला सहा-सात दिवसांत तास भरून दिसतो. हे आकडे अंदाजी आहेत. ओल, खोली आणि बियाण्याचा जोम यांनी दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतात. पण १६ आणि २० या चार अंशांत उगवणीचे दिवस निम्म्याहून कमी होतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून भुईमुगासाठी १८ अंश हा अगदी खालचा काठ समजा. ओल्या मातीची सरासरी सलग तीन दिवस २० किंवा वर असेल आणि पुढच्या चार-पाच दिवसांत थंडीच्या लाटेचा अंदाज नसेल, तर बिनघोर पेरा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात भुईमूग मोठ्या प्रमाणावर होतो. तिथल्या शेतकऱ्यांनाही हाच सल्ला देतात : चार इंच खोलीवर माती सलग तीन दिवस २० अंशांच्या आसपास असू द्या आणि पुढे थंडी येणार नाही हे बघा.

बाकी पिकांचं गणित वेगळं आहे. समजा ओल्या मातीची सरासरी १७ अंश आहे. त्याच वावरात चार पिकं काय करतील ते पाहा :

- उन्हाळी सोयाबीन : उंबरठा सुमारे १० अंश, बेरीज सुमारे ७०. दहा दिवसांत वर येईल. उशीर आहे, पण चालण्यासारखा.
- उन्हाळी मूग : उंबरठा सुमारे ११, बेरीज ५० च्या आत. आठ-नऊ दिवसांत दिसेल, पण रोप रखडत वाढेल. मूग फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच बरा.
- भुईमूग : रोजची कमाई ४, म्हणजे १९ दिवस. थांबा.
- तीळ : उंबरठाच सुमारे १६ आहे. बी जेमतेम हलेल. शिवाय तीळ एक इंचावरच पेरतात, तिथली माती पहाटे आणखी थंड असते. त्यामुळे तिळाचं मोजमाप एक इंचावर करा आणि घाई करू नका.

म्हणूनच उन्हाळी सोयाबीन डिसेंबर-जानेवारीत टाकतात आणि भुईमुगाला मात्र थांबावं लागतं. २०२० च्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात आल्या. त्यानंतर बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेणं वाढलं. त्याचं बघून भुईमूगही त्याच तारखेला टाकणं हे अंगाशी येऊ शकतं.

तीन वावरं, तीन तारखा

हे उदाहरणाने पाहू. समजा मेहकर तालुक्यात एकाच विहिरीवरची तीन वावरं आहेत. जमीन एक, बियाणं एक, वाण टॅग-२४. ओल्या मातीची सरासरी २० जानेवारीपासून ३० जानेवारीपर्यंत १६, मग ४ फेब्रुवारीपर्यंत १८ आणि पुढे २० अशी चढत गेली.

पहिल्याने २० जानेवारीला पेरलं. दहा दिवस रोज ३ प्रमाणे ३० साठले. पुढचे पाच दिवस रोज ५ प्रमाणे २५. उरलेले २० तीन दिवसांत. म्हणजे ७ फेब्रुवारीच्या सुमाराला रोप वर, पेरणीनंतर १८ दिवसांनी.

दुसऱ्याने ३० जानेवारीला पेरलं. पाच दिवसांत २५ आणि उरलेले ५० सात दिवसांत. ११ फेब्रुवारीला रोप वर, १२ दिवसांनी.

तिसरा ४ फेब्रुवारीपर्यंत थांबला. त्याचा भुईमूग ११ दिवसांनी, १५ फेब्रुवारीला वर आला.

पहिल्याने दुसऱ्यापेक्षा दहा दिवस आधी पेरून उगवणीत फक्त चार दिवस कमावले. त्या बदल्यात त्याचं बी अठरा दिवस ओल्या, थंड मातीत पडून राहिलं. या काळात फुगलेल्या बियातून अन्नरस बाहेर झिरपतो, त्यावर बुरशी वाढते. मुंग्या आणि किडींनाही वेळ मिळतो. एकरी ४० किलोच्या आसपास दाणे लागतात. त्यातला चौथा हिस्सा सडला तर दहा किलो महाग बियाणं मातीत गेलं, शिवाय खाडे भरायची मजुरी वेगळी. बीजप्रक्रिया करायलाच हवी, ती बुरशीला रोखते. पण ती माती तापवत नाही, त्यामुळे अठरा दिवसांचे अकरा दिवस करू शकत नाही.

मग थांबायचं तरी कुठवर?

वाट पाहण्यालाही हद्द आहे. टॅग-२४ हे वाण उन्हाळ्यात साधारण ११५ दिवस घेतं. ४ फेब्रुवारीला पेरलेला भुईमूग मे संपता-संपता काढणीला येतो. तोच २० फेब्रुवारीला पेरला तर काढणी जूनच्या मध्यावर जाते. तेव्हा पाऊस तोंडावर असतो, शेंगा जमिनीतच कोंब धरू शकतात आणि वाळवायला ऊन मिळत नाही. शिवाय उशिरा पेरलेलं पीक फुलोऱ्यात आणि आऱ्या धरताना एप्रिलच्या कडक उन्हात सापडतं.

म्हणून साधारण फेब्रुवारीचा मध्य ही शेवटची हद्द धरा. १० फेब्रुवारीपर्यंत सरासरी १८-१९ वरच रेंगाळली असेल, तर २० ची वाट बघत बसू नका. अशा वेळी बी दोन इंचाऐवजी दीड इंचावर टाका, कारण वरचा थर दुपारी जास्त तापतो. ओल मात्र तिथपर्यंत पक्की हवी, नाहीतर थंडीतून सुटलेलं बी कोरडेपणात अडकेल.

उगवलं नाही, तर आधी उकरून बघा

पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी तासात काही दिसत नसेल, तर दुबार पेरणीचा निर्णय घेण्याआधी चार-पाच ठिकाणी उकरा. बी स्वतःच सांगतं काय झालं ते.

- बी फुगलेलं, पांढरं आणि दाबल्यावर टणक असेल, तर ते जिवंत आहे. माती थंड आहे, थांबा. वरून पाणी देऊ नका, त्याने माती आणखी गार होते.
- बी मऊ, काळपट, दाबल्यावर पचकन फुटणारं आणि वास येणारं असेल, तर ते सडलं आहे. असे खड्डे मोजा आणि किती टक्के गेलं ते बघून खाडे भरा.
- बी जसं टाकलं तसंच कोरडं असेल, तर अडचण तापमानाची नाही, ओलीची आहे.
- कोंब निघाला आहे पण वाकडा होऊन मातीखाली अडला आहे, तर वर पापडी धरली आहे. हलकं पाणी देऊन ती मऊ करा.

बियाण्याबद्दल तक्रार करायची असेल, तर ही पाहणी आणि तापमानाची वही दोन्ही उपयोगी पडतात. पिशवी, टॅग आणि पावती फेकू नका. थोडं बियाणं बाजूला काढून ठेवा आणि पेरणीआधीच त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात घरात उबेला ठेवून उगवण तपासा. घरात नव्वद दाणे उगवले आणि वावरात चाळीसच आले, तर बियाण्यापेक्षा मातीकडे आणि ओलीकडे बोट जातं. घरातच पन्नास उगवले, तर ते बियाणं पेरायचंच नाही.

तोच थर्मामीटर जूनमध्ये उलटा वाचायचा

जानेवारीत माती थंड असते, तर जूनमध्ये तीच जास्त तापलेली असते. पहिल्या हलक्या सरीनंतर दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं, तर काळ्या मातीचा वरचा थर दुपारी ४० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. सोयाबीन २५ ते ३० अंशांना उत्तम उगवतं. माती ३५ च्या वर गेली की उगवण घसरू लागते, आणि त्यात ओल कमी असेल तर कोंब आतच करपतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो ते मुख्यतः ओलीसाठी. पण एवढ्या पावसाने मातीही निवते, हा त्याचा दुसरा फायदा. जूनमध्ये सकाळच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, दुपारी तीनचा आकडा बघायचा.

रब्बीतही हेच. हरभरा आणि गव्हाचा खालचा उंबरठा ३ ते ५ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडच्या थंडीने त्यांची उगवण अडत नाही. त्यांना त्रास होतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या तापलेल्या मातीचा. गहू नोव्हेंबरमध्ये, थंडी पडू लागल्यावर पेरतात ते याचसाठी.

नोंदीची वही साधीच ठेवा : तारीख, वावर, खोली, सकाळ, दुपार, सरासरी आणि कधी उगवलं. दोन-तीन हंगामांनंतर आपल्या वावराचे आकडे हातात येतात. कुठला कोपरा उशिरा तापतो आणि ओलून किती अंश उतरतात, हे मग दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही.